मागे पेट्या पडून आणि पुढे रॅक रिकामा: सुपरमार्केटमध्ये माल भरण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यात तालुक्याच्या गावांमध्ये आता तीन-चार हजार स्क्वेअर फुटांची सुपरमार्केटं बरीच झालीयत. तिथले मालक, मॅनेजर आणि माल लावणारी पोरं जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र केलेत. सगळीकडे उदाहरण एकच धरलंय, भाजीच्या तिखट शेवेचं ४०० ग्रॅमचं पाकीट, कारण आपल्याकडे रविवारी शेवभाजी नाही असं घर शोधावं लागतं आणि पाकीट फुगीर असल्यामुळे जागेची सगळी दुखणी या एकाच मालात दिसतात. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुमच्या दुकानाचे तुम्ही टाका.

कॉम्प्युटर २३ पाकिटं दाखवतो आणि फळीवर एक पण नाही. हे होतं कसं?

बहुतेक वेळा चोरी वगैरे काही नसते, माल मागच्या गोडाऊनमध्ये असतो. कॉम्प्युटरला दुकानाचा सगळा स्टॉक एकच दिसतो, फळीवर किती आणि मागे किती हे त्याला माहीतच नसतं (काही सॉफ्टवेअरमध्ये वेगळं ठेवता येतं, पण मागून पुढे माल आणताना पोरगं दरवेळी एंट्री करेल ही आशा सोडा). गिऱ्हाईक येतं, "शेव शे का भो?" विचारतं, काउंटरवरचा पोरगा फळीकडे बघतो, नाही म्हणतो, गिऱ्हाईक समोरच्या किराण्यातून घेऊन जातं. इथपर्यंत नुकसान एका पाकिटाचं. खरी गंमत पुढे आहे. ऑर्डर काढताना कॉम्प्युटर म्हणतो २३ आहेत, सध्या गरज नाही, म्हणून नवीन ऑर्डर जात नाही, आणि फळी रिकामी असल्यामुळे विक्री शून्य, म्हणून पुढच्या वेळी तोच कॉम्प्युटर म्हणतो की या मालाची मागणी कमी झालीय. म्हणजे मागे विसरलेली एक पेटी चालणाऱ्या मालाला न चालणारा ठरवून टाकते.

म्हणून "मागे स्टॉक आहे ना, मग काळजी काय" हे वाक्य मला पटत नाही. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फळीवर आहे तेवढाच स्टॉक.

फेसिंग मोजायचं कसं? पुढून किती दिसतात तेवढंच ना?

पुढून दिसतात ते फेसिंग बरोबर, पण माल भरण्यासाठी तो आकडा अर्धवट आहे. एका फेसिंगच्या मागे किती नग बसतात ते पाहिजे. आपली शेव उभी ठेवली तर रुंदी १८ सेंटीमीटर, जाडी ६. फळी ९० सेंटीमीटर रुंद आणि ४५ खोल. रुंदीत ५ पाकिटं बसली, म्हणजे पूर्ण फळीला ५ फेसिंग. खोलीत ४५ भागिले ६ म्हणजे साडेसात, पण अर्धं पाकीट बसत नाही, म्हणून ७. शेवेवर शेव रचता येत नाही, खालच्याचा भुगा होतो, त्यामुळे उंचीत एकच. एक फेसिंग म्हणजे ७ पाकिटं, दोन म्हणजे १४, पूर्ण फळी म्हणजे ३५. साबण असता तर वर चार-पाच थर गेले असते आणि त्याच जागेत शंभराच्या वर नग मावले असते.

आणि हे टेपने मोजून सोडू नका, एकदा हाताने भरून बघा. पाकिटात हवा जास्त असली की ७ चे ६ होतात. जो आकडा येईल तो किमतीच्या पट्टीच्या मागे पेनाने लिहून ठेवा, "मावतात ३५, पेटी २०", एवढंच. माल लावणाऱ्याला आणि ऑर्डर काढणाऱ्याला दोघांना उपयोगी पडतं.

जो माल जास्त विकतो त्याला जास्त फेसिंग द्यायचे, एवढं साधं नाहीये का?

नाहीये, कारण मध्ये पेटी येते. माल येतो पेटीत आणि विकतो एकेक करून. पेटी फोडली की ती एका झटक्यात फळीवर बसली पाहिजे, नाही बसली तर उरलेली उघडी पेटी मागे जाते, आणि मागच्या गोडाऊनचा त्रास खरा तिथून सुरू होतो. म्हणून प्रत्येक मालाला एकच प्रश्न विचारायचा: गाडी येते त्या वेळी फळीवर साधारण किती उरलेले असतात, त्यात येणारा माल मिळवला तर फळीत मावतो का? मावला तर हा माल गाडीतून थेट फळीवर, मागे जायचं कामच नाही. नाही मावला तर तीनच रस्ते आहेत, फेसिंग वाढवा, किंवा गाडी जास्त वेळा बोलवा म्हणजे एका वेळी कमी पेट्या येतील, किंवा लहान पेटी मागा. चौथा रस्ता म्हणजे मागे ठेवणे, आणि तो सगळे आधी वापरतात.

शेवेचा हिशोब पूर्ण करून दाखवा.

सोमवार ते शुक्रवार रोज ५ पाकिटं, शनिवारी ७, रविवारी १२. आठवड्याची ४४. पेटी २० ची.

समजा सध्या फळीवर २ फेसिंग आहेत, म्हणजे १४ नग, आणि गाडी आठवड्यातून एकदा शुक्रवारी सकाळी येते. आठवडाभर पुरायला ४४ आणि वर थोडे हाताशी म्हणून ५० च्या आसपास पाहिजे. गेल्या आठवड्याचे ७ उरलेत आणि २ पेट्या मागवल्या तर ४७ होतात, जरा कमी, म्हणून मालक ३ मागवतो, झाले ६७. फळीवर १४, मागे ५३. आता शुक्रवारी ५ गेले, शनिवारी ७ गेले, शनिवारी रात्री फळीवर राहिले २. शनिवारी रात्री कोणी मागून आणून भरलं तर ठीक, नाही भरलं तर रविवारी सकाळी पहिलं दुसरं गिऱ्हाईक घेऊन जातं आणि शेवभाजीच्या दिवशी शेव नाही, मागे मात्र अडीच पेट्या पडून. १४ ची फळी आणि ४४ ची विक्री म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा तरी कोणीतरी आठवणीने मागे गेलंच पाहिजे, आणि दुकानात असे चारशे माल असतील तर कोणाला काय काय आठवणार?

आता फक्त फेसिंग वाढवून बघू, २ चे ५ केले, गाडी तीच एकदा. शुक्रवारी फळी भरली ३५, मागे ३२. शुक्रवार ते सोमवार विक्री ५ अधिक ७ अधिक १२ अधिक ५ म्हणजे २९. सोमवारी रात्री फळीवर ६ उरतात. म्हणजे सगळ्यात गर्दीचे दिवस मागे न जाता निघाले आणि मंगळवारी सकाळी दुकान निवांत असताना एकदा भरलं की काम झालं. फक्त जागा बदलून तीन-चार फेऱ्यांची एक-दोन फेरी झाली.

आता गाडी पण दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार सकाळी. शुक्रवारी गाडी उतरल्यावर हाताशी ३५ पाहिजे (२९ विक्री, ६ राखीव). मंगळवारी उतरल्यावर २१ पाहिजे (मंगळ-बुध-गुरू १५ विक्री, ६ राखीव). एखाद्या मंगळवारी ६ उरले, १ पेटी आली, २६ झाले, गुरुवारी रात्री ११. शुक्रवारी ३५ ला २४ कमी पडतात आणि पेटी तर २० ची. एक घेतली तर ३१, सोमवारी रात्री २ उरतील, म्हणजे जरा विक्री वाढली की संपलं. दोन घेतल्या तर ५१, फळीत ३५ आणि मागे १६. मी दोन घेईन, कारण शुक्रवार-शनिवारमध्ये १२ निघून जातात आणि शनिवारी रात्री मागच्या १६ पैकी १२ पुढे येतात, उरलेले ४ रविवारी दुपारपर्यंत. मग मंगळवारी २२ हाताशी असतात, तेव्हा त्या मंगळवारी शेव मागवायचीच नाही.

असं आठवडे पुढे चालवून बघितलं तर कधी मागे काहीच नसतं, कधी ३-४ असतात, कधी ८ किंवा १२, फार तर १६. म्हणजे जास्तीत जास्त एक उघडी पेटी, ती पण दोन दिवसांची पाहुणी. कुठे ५३ आणि कुठे १६.

एक लक्षात घ्या, शुक्रवारच्या गाडीची ऑर्डर बुधवारी संध्याकाळी द्यावी लागते, तेव्हा बुधवारी रात्री असलेल्या स्टॉकातून गुरुवारचे ५ वजा करूनच हिशोब करायचा. हे वजा करायचं विसरलं की दर वेळी थोडा माल कमी पडतो आणि कळत नाही का.

राखीव ६ कुठून आणले?

अंदाजाने नाही. रोजची विक्री वरखाली होते आणि किरकोळ विक्रीत ही वरखाली साधारण त्या काळातल्या विक्रीच्या वर्गमूळाएवढी धरली तर फार चुकत नाही. २९ चं वर्गमूळ ५.४, म्हणून ६. पण एवढंच राखीव धरलं तर सहा-सात शुक्रवारांत एकदा माल सोमवारच्या आत संपेल. वीसात एकदाच संपावा असं वाटत असेल तर वर्गमूळाच्या १.६५ पट धरा, म्हणजे ९, मग शुक्रवारी ३८ लागतात आणि फळी तर ३५ ची. मी शेवेला ६ वर थांबतो कारण बाजूलाच दुसरी शेव असते आणि गिऱ्हाईक ती उचलतं. तेच बाळाच्या दूध पावडरीला करू नका, तिथे गिऱ्हाईक दुसरा ब्रँड घेत नाही, सगळं सामानच दुसऱ्या दुकानातून भरतं.

पण शेवेला ५ फेसिंग दिले तर बाकीचे ३ फेसिंग कोणाचे काढायचे? सगळेच भांडतात.

न चालणाऱ्यांचे, पण आधी बघा की त्यांच्याकडे ते आले कशामुळे. त्याच रॅकमध्ये एक भाजलेला चिवडा आहे समजा, आठवड्याला ३ पाकिटं विकतो, पाकीट त्याच आकाराचं, म्हणजे एका फेसिंगला ७. पेटी १२ ची. २ उरले की मागवतो, १२ आले, झाले १४, म्हणून त्याला २ फेसिंग लागतात. विक्रीसाठी नाही, पेटीसाठी! महिनाभर तो अर्धी-पाऊण जागा रिकामी घेऊन बसतो. डिस्ट्रिब्युटरला म्हणा ६ ची आतली पिशवी द्या, किंवा त्याच्या गोडाऊनमधून अर्धी पेटी काढून द्या. १ उरला असताना ६ आले तर ७, एका फेसिंगमध्ये काम झालं आणि एक जागा शेवेला मिळाली. असे तीन माल शोधले की तीन फेसिंग निघतात.

आपल्या भागात हे जमतं बरं का, कारण डिस्ट्रिब्युटर बहुतेक जळगाव नाहीतर धुळ्याचा ओळखीतलाच असतो आणि गाडीवरचा माणूस बाकीच्या छोट्या किराणा दुकानांना तसंही सुटं देतच असतो. मोठ्या दुकानाला पेटीच घ्यावी लागते हा आपलाच मोठेपणा असतो पुष्कळदा. जो सुटं देत नाही त्याचा न चालणारा माल ठेवायचा की नाही यावर मग वेगळा विचार करा.

रोज गाडी मागवली तर गोडाऊनच लागणार नाही ना?

सगळ्या मालाला नाही. वरचा चिवडाच बघा, पेटी १२ आणि आठवड्याची विक्री ३, त्याची गाडी रोज आली काय आणि पंधरा दिवसांनी आली काय, पेटी चार आठवडे पुरणारच. दोन गाड्यांमधली विक्री एका पेटीपेक्षा जास्त असेल तरच गाडी वाढवल्याचा फायदा होतो. शेवेत शुक्रवार ते सोमवार २९ विकतात आणि पेटी २०, म्हणून तिथे फायदा झाला. मंगळवार ते गुरुवार १५ च विकतात, म्हणून मध्ये बुधवारी अजून एक गाडी मागवून हाताला काही लागणार नाही.

शिवाय गाडी फुकट येत नाही. डिझेल डिस्ट्रिब्युटरचं असलं तरी उतरवायला, मोजायला, बिलाशी ताळा करायला, एक्स्पायरी बघायला आणि इनवर्ड करायला आपला एक माणूस अडकतो, दहा पेट्या असोत की चाळीस, त्यातला बराच वेळ तेवढाच जातो. आणि डिस्ट्रिब्युटरचं कमीत कमी बिल असतं, ते गाठायला नको असलेला माल मागवला तर मुद्दाच संपला. माझ्या मते तालुक्याच्या दुकानात जोरात चालणाऱ्या पाच-सात डिस्ट्रिब्युटरना आठवड्यातून दोनदा आणि बाकीच्यांना एकदा किंवा पंधरवड्याला, एवढं पुरतं.

गाडी किती वेळा यापेक्षा कधी येते हे जास्त भांडून घ्या. शुक्रवारी सकाळची गाडी म्हणजे रविवारची तयारी. तीच गाडी शनिवारी संध्याकाळी गर्दीत आली तर माल तसाच मागे ढकलला जातो आणि सोमवारी उघडतो.

महिनाअखेरीला सेल्समन येतो, १० पेट्यांवर १ फुकट. सोडायचं का?

११ पेट्यांत १० चे पैसे म्हणजे साधारण ९ टक्के स्वस्त, दिसायला मस्त. पण शेवेच्या ११ पेट्या म्हणजे २२० पाकिटं, आठवड्याला ४४, बरोबर ५ आठवड्यांचा माल. फळीत ३५ आणि १८५ मागे, आणि फुगीर माल असल्यामुळे मागची अर्धी भिंत गेली. तिथे बाकीच्या मालाच्या पेट्या सापडत नाहीत, म्हणजे पहिल्या प्रश्नात सांगितलेला प्रकार अजून दहा मालांना होतो. तेलकट माल, त्यात उन्हाळा, पाचव्या आठवड्याच्या शेवेला वास यायला लागला तर ते ९ टक्के कुठे गेले ते कळणार पण नाही.

साबण, वॉशिंग पावडर, टूथपेस्ट यांवर अशी स्कीम असेल तर मी घेतो, कारण जागा कमी खातात आणि वर्षभर काही होत नाही. सेल्समनला पण एक विचारून बघायला हरकत नाही: बिल आज १० पेट्यांचं कर, माल तीन वेळेस दे. महिन्याचं टार्गेट त्याला पाहिजे असतं, माल आपल्या गोडाऊनात गेला की त्याच्या, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं, त्यामुळे काही जण हो म्हणतात.

मागचं गोडाऊन पत्र्याचं आहे. चालेल का?

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ ला टेकतो, पत्र्याखाली तर त्याहून जास्त तापतं. चॉकलेट, वनस्पती तूप, शेव-चिवडा, शेंगदाणे, ड्रायफ्रूट यांतलं काहीही तिथे ठेवायचं नाही, यांना फळीत मावेल तेवढंच मागवायचं. साखर, मीठ, साबण, झाडू, डिस्पोजेबल प्लेटा, पाण्याच्या बाटल्या नकोत पण फरशी धुवायचं लिक्विड वगैरे जाऊ द्या पत्र्याखाली. म्हणजे उन्हाळ्यात शेवेला फेसिंग जास्त द्यायचे ते विक्री वाढते म्हणून नाही, मागे ठेवता येत नाही म्हणून. हे कोणी कंपनीच्या प्लॅनोग्राममध्ये, म्हणजे कुठला माल कुठे आणि किती लावायचा त्या नकाशात, लिहून देणार नाही, ते मुंबई-पुण्यात एसीत बसून बनतात.

पोरं माल पुढे ओढून रॅक भरलेला दाखवतात. चांगलंच आहे ना ते?

दिसायला चांगलं, गिऱ्हाइकासाठी पण चांगलं, पण भरणाऱ्याला फसवतं. पुढे ५ पाकिटं ओळीत उभी आणि मागे पोकळ, लांबून बघणाऱ्या मॅनेजरला फळी भरलेली वाटते आणि खरं तर ३५ ची ५ राहिलेली असते. म्हणून राऊंड मारताना डोळ्यांनी नाही, हात मागे घालून बघायचं.

याच्यापेक्षा वाईट सवय म्हणजे रिकामी जागा शेजारच्या मालाने भरून टाकणे. शेव संपली, पोराने मागे खूप पडलेत म्हणून कुरमुऱ्याचे पुडे तिथे पसरवले, रॅक झकास दिसायला लागला. शुक्रवारी शेवेच्या २ पेट्या आल्या, तर जागा फक्त २ फेसिंगची शिल्लक, बाकीची शेव गेली मागे. पुढच्या आठवड्यात ती पट्टी पण कुरमुऱ्याची झाली. कोणी ठरवून काही बदललं नाही आणि तुमचा पूर्ण हिशोब बदलला. रिकामी जागा रिकामीच राहू द्या, ती बोंब मारते ते बरंच आहे.

मागे विसरलेला माल शोधायचा कसा? रोज चारशे माल तपासणं शक्य नाही.

चारशे नका तपासू. रात्री बिलिंगमधून एक रिपोर्ट काढा: स्टॉक आहे पण विक्री शून्य. मग प्रत्येकाला विचारा, इतक्या दिवसांत साधारण किती विकायला पाहिजे होते? ६ विकायला पाहिजे होते आणि शून्य विकले, असं आपोआप होण्याची शक्यता चारशेत एक असते, म्हणजे काहीतरी गडबड नक्की आहे. शेवेच्या बाबतीत ६ ची विक्री साधारण एका दिवसाची, तर एक दिवस शून्य आली की दुसऱ्या सकाळी कोणीतरी फळीपाशी जायचं. चिवडा आठवड्याला ३, त्याला ६ व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून त्याचे तीन-चार दिवस शून्य असतील तर झोपून राहा, ते नॉर्मल आहे. सगळ्यांना एकच "तीन दिवस शून्य" असा नियम लावला की यादी लांबलचक होते आणि आठवड्यात कोणी ती बघायचंच सोडून देतं.

फळीपाशी गेल्यावर तीन गोष्टी निघतात. माल मागे आहे, मग आणून लावा. माल पुढेच आहे पण चुकीच्या जागी किंवा किमतीची पट्टी नाही. किंवा माल कुठेच नाही, मग तुटला-फुटला, चोरीला गेला किंवा दुसऱ्याच बारकोडवर बिल झालं, तेव्हा त्याच क्षणी कॉम्प्युटरमध्ये शून्य करा, उद्यावर ठेवू नका, कारण तो शून्य होईपर्यंत ऑर्डर निघणार नाही.

कानबाई, आखाजी, वाळवण, यांचं काय? तेव्हा हे सगळे आकडे मोडतात.

मोडतातच. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटांसाठी गहू, हरभरा डाळ, गूळ, तूप सगळं एकाच आठवड्यात उचललं जातं, भाऊबंद गावाला येतात त्यामुळे चहा-साखर पण. आखाजीला पुन्हा डाळ-गूळ, लेकी माहेरी आलेल्या. फाल्गुन-चैत्रात पापड-कुरडयांचं सामान, उडदाचं पीठ, साबुदाणा, पापडखार. हे दिवस वर्ष सुरू होतानाच कॅलेंडरवर दिसतात, म्हणून याला राखीव स्टॉक वाढवत बसायचं नाही, राखीव असतं ते न कळणाऱ्या वरखालीसाठी. याला जागा वेगळी करायची: दाराजवळ किंवा रॅकच्या टोकाला जमिनीवर रचलेला ढीग, १० दिवसांसाठी. गूळ आणि डाळ तिथे पेटी-पोत्यासकट उभी राहतात, मागे ठेवायची गरज नाही आणि फळीवरचे फेसिंग हलवायची पण नाही.

ढीग उचलायची तारीख आधी ठरवा आणि शेवटची ऑर्डर सणाच्या तीन-चार दिवस आधी बंद करा. सणाच्या आदल्या दिवशी थोडा गूळ कमी पडला तर चालतो, नंतर ४० किलो उरून पावसाळ्यात पाझरायला लागला की तो तुम्हालाच खावा लागतो.

दूध, ब्रेड यांना हेच लागू?

नाही, तिथे पेटी आणि जागा नाही, दिवस मोजतात. रोज येतं, रोज संपायला पाहिजे, मागे ठेवायचा प्रश्नच येत नाही. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

एकच गोष्ट बदलता येत असेल तर काय बदलू, फेसिंग, गाडी की माणूस?

चालणाऱ्या मालाचे फेसिंग, कारण त्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि खर्च नाही. आधी सगळं दुकान नका हलवू. बिलिंगमधून आठवड्याला सगळ्यात जास्त नग विकणारे ५० माल काढा, प्रत्येकापुढे तीन आकडे लिहा: फळीत किती मावतात, पेटी कितीची, शुक्रवार ते सोमवार किती विकतात. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे असे जे निघतील तेवढ्यांनाच हात लावा, बहुतेक दुकानांत फुगीर माल निघतात, शेव, चिप्स, कुरमुरे, टिश्यू, डायपर. ज्यांना काही करून जागा मिळत नाही त्यांची छोटी यादी शनिवारी रात्री दुकान बंद करणाऱ्याच्या हातात द्या, तो तेवढेच मागून आणून भरेल आणि मगच शटर ओढेल.